लितआरफू: ओळख पटावी म्हणून केलेल्या जमाती

प्रश्न: कॉलेजात सर्वधर्म कार्यक्रम आहे, मला पाच मिनिटं बोलायचंय. कुराणातलं ते "तुमची राष्ट्रं आणि जमाती केल्या म्हणजे तुम्ही एकमेकांना ओळखाल" हे वाक्य घ्यायचा विचार आहे. पण एक मित्र म्हणतो, जमाती अल्लाहनेच केल्या म्हटलंय म्हणजे जात देवानेच केली असंच झालं ना. दुसरा म्हणतो हे फक्त मुसलमानांना उद्देशून आहे. नक्की संदर्भ काय आहे?

उत्तर:

मी बावीस वर्षं आमच्या मोहल्ल्यात बायका-मुलींना अरबी आणि तफसीर म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणं शिकवते, आठवड्यातून दोन संध्याकाळी, घरच्याच पुढच्या खोलीत. ही आयत दर वर्षी येते आणि दर वर्षी कुणीतरी तुमच्या पहिल्या मित्राचाच प्रश्न विचारतं, त्यामुळे त्याला जरा वेळ देऊन सांगते. दुसऱ्या मित्राचं आधी उरकते, ते लवकर संपतं.

ही कुराणाच्या ४९व्या सूरेतली म्हणजे अध्यायातली, सूरह अल-हुजुरातची १३वी आयत. सूरेत एकूण १८ आयती. त्यात पाच वेळा "ईमानवाल्यांनो" अशी हाक आहे, १, २, ६, ११ आणि १२ या आयतींत. आणि नेमकं तेराव्या आयतीत हाक बदलते, "या अय्युहन्नास", म्हणजे "लोकहो". बस. सूरेभर एकाच गटाशी बोलणं चाललंय आणि या एका वाक्याला सगळ्या माणसांकडे तोंड फिरवलंय. आमच्याकडे विद्यार्थिनी एक ठोकताळा पाठ करून येतात, की "लोकहो" आलं की आयत मक्केत उतरलेली आणि "ईमानवाल्यांनो" आलं की मदिनेची, त्या हिशोबाने वहीत हिच्यापुढे "मक्की" लिहून ठेवतात. तसं नाहीये. सूरह मदिनेचीच आहे, उशिराची, हिजरी ९च्या आसपासची म्हणजे इसवी सन ६३०-३१. तो ठोकताळा इथे लागू पडत नाही, आणि म्हणूनच इथे "लोकहो" जास्त डोळ्यात भरतं.

आता पूर्ण आयत, माझ्या साध्या मराठीत: "लोकहो, आम्ही तुम्हाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केलं आणि तुमच्या कौमी आणि कबिले केले, ते तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून. अल्लाहपाशी तुमच्यातला सगळ्यात मानाचा तो, जो तुमच्यात सगळ्यात जास्त तकवा बाळगतो. अल्लाह सगळं जाणतो, त्याला सगळी खबर आहे." तकवा म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वागणं, ते शेवटी नीट सांगते. तुम्ही लिहिलेलं वाक्य म्हणजे यातला मधलाच तुकडा आहे, ते लक्षात असू द्या, त्यावर पुढे येतेच.

पहिल्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्या "ओळखावं" मध्ये आहे. अरबीत शब्द आहे लितआरफू. "लि" म्हणजे "साठी", आणि पुढचं क्रियापद ऐन-रे-फे या तीन अक्षरांवरून आलंय. मी वर्गात फळ्यावर ही तीन अक्षरं लिहिते आणि मुलींना म्हणते की तुमच्या रोजच्या मराठीतून यातले शब्द काढा. पहिला कुणीतरी तआरुफ म्हणतं, तो उर्दूतला झाला. मग हळूहळू तारीफ येतं. मग मार्फत. आणि शेवटी रेशनकार्डावरचं उर्फ! अमुक उर्फ तमुक, म्हणजे ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते. उर्फ आणि लितआरफू एकाच घरचे. तर "ओळखावं" म्हणजे आधी इतकं साधं आहे, की हा कोण, कुणाचा, कुठला हे कळावं. आणि क्रियापदाचं रूप दोन्हीकडून आहे, मी तुला ओळखते आणि तू मला, एकतर्फी नाही. एकाने दुसऱ्याची नुसती पाहणी करायची असा अर्थ या रूपातून निघत नाही.

कबिला तर मराठीत आहेच, कुटुंबकबिला म्हणतो आपण. कौमींसाठी आयतीत शब्द आहे शुऊब, ते शअबचं अनेकवचन, हा कबिल्याहून मोठा गट. अरबांच्या वंशावळीच्या विद्येत याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या, वर शअब, मग कबिला, मग खाली येत येत बतन आणि फखिज, यांचा शब्दशः अर्थ पोट आणि मांडी, जणू एक शरीर आहे आणि त्याचे भाग पाडत चाललोय. जुने मुफस्सिर म्हणजे तफसीर लिहिणारे उदाहरण देतात ते असं: खुजैमा हा शअब, किनाना कबिला, त्यात कुरैश, त्यात खाली कुसय्य, त्यात हाशिम. काही जण म्हणतात शुऊब म्हणजे अरब सोडून बाकीच्या लोकांच्या कौमी आणि कबिले म्हणजे अरबांचे. दोन्ही मतं जुनी आहेत, आणि कुठलंही घेतलं तरी मुद्दा तोच राहतो.

आता हे वंशावळीचं ज्ञान त्या काळी कशाला लागायचं ते बघा. पोलीस नाही, कोर्ट नाही, आधारकार्ड नाही. कुणाच्या हातून माणूस मेला तर दियत म्हणजे जिवाची भरपाई भरावी लागे, शंभर उंटांची, आणि ती एकटा माणूस भरत नसे, त्याची बापाकडची भावकी मिळून भरत असे. वारसा कुणाला, आसरा कुणी द्यायचा, हे सगळं "तू कुणाचा" यावरून ठरायचं. तर नावामागे बाप, आजा, कबिला लावणं हा त्या माणसाचा पत्ता होता. आयत हा पत्ता पुसत नाही. ती म्हणते याचा उपयोग हा, ओळख. हदीसमध्ये म्हणजे पैगंबरांच्या वचनांतही तेच आहे, तिर्मिजीच्या संग्रहात आहे, की आपली वंशावळ इतकी तरी शिका की नातीगोती जोडून ठेवता येतील.

पण तोच पत्ता लोक पदवी म्हणून वापरायचे. माझा आजा अमका म्हणून मी वर आणि तू खाली. आयत पत्ता ठेवते आणि पदवी काढून घेते, सगळं यावर आहे. आणि आपल्याकडच्या जातीत मुख्य गोष्ट काय असते? वर-खाली. कोण कुणाच्या हातचं पाणी घेईल, कुणाचं काम हलकं, कोण शुद्ध. यातला एकही शब्द आयतीत नाही. क्रम नाही, धंदा नाही, शुद्ध-अशुद्ध नाही. गट आहेत, आणि गट कशासाठी ते एकाच शब्दात सांगितलंय.

अजून एक बारीक गोष्ट, मित्राला जरूर दाखवा. आयतीत दोन क्रियापदं आहेत. पुरुष आणि स्त्रीपासून माणूस झाला तिथे "खलक्ना", निर्माण केलं. कौमी आणि कबिले आले तिथे "जअल्ना", म्हणजे आहे त्याला एक रूप दिलं, एका कामाला लावलं. आता इथे मी प्रामाणिकपणे सांगते, यावरून "जमाती माणसांनी केल्या, अल्लाहने नाही" असं कुणी सांगत असेल तर ते ओढूनताणून आहे, "जअल्ना"चा कर्ताही "आम्ही"च आहे. फरक इतकाच, की जन्माचं मूळ सगळ्यांचं एकच सांगितलं आणि गट त्यानंतरची मांडणी म्हणून आले, आणि मांडणीला लगेच हेतू जोडला. एक पुरुष एक स्त्री म्हणजे कोण, तर बहुतेक जण आदम आणि हव्वा म्हणतात, काही जण म्हणतात प्रत्येकाचे आपापले आई-बाप. दुसऱ्या अर्थानेही तेच, सगळे एकाच रीतीने जन्माला येतात, मग फुशारकी कसली.

आता संदर्भ, म्हणजे आजूबाजूला काय चाललंय. सूरेचं नाव हुजुरात, म्हणजे खोल्या, पैगंबरांच्या घरच्या. हिजरी ९ला इतके कबिले मदिनेला भेटायला आले की त्या वर्षाला शिष्टमंडळांचं वर्षच म्हणतात. त्यात बनू तमीम आले आणि बाहेर उभं राहून खोल्यांच्या मागून हाका मारायला लागले. चौथी आयत त्यावर आहे. सीरतच्या म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या जुन्या वृत्तांतात आहे की ते आले होते ते आपल्या कबिल्याच्या बढाईचा सामना लावायला, त्यांचा वक्ता आणि शायर एकीकडे, मदिनेचे साबित बिन कैस आणि हस्सान बिन साबित दुसरीकडे. आणि बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे की याच बनू तमीमवर अमीर म्हणजे प्रमुख कुणाला नेमायचं यावरून अबू बकर आणि उमर यांचे आवाज चढले, त्यावर सूरेच्या पहिल्या आयती आल्या. म्हणजे सूरेची सुरुवातच कबिला, त्याची घमेंड आणि त्यावरून झालेल्या आरड्याओरड्यापासून आहे.

मग पुढे: खबर आली तर आधी शहानिशा करा (६), दोन गट लढले तर समेट करा (९), आणि मग अकरावी, एका कौमने दुसऱ्या कौमची थट्टा करू नये, कदाचित ते यांच्यापेक्षा चांगले असतील, बायकांनीही बायकांची करू नये, टोपणनावं ठेवून हिणवू नका. बारावी, संशय, हेरगिरी आणि पाठीमागे निंदा नको. यानंतर लगेच तेरावी. म्हणून मी कधीच तेरावी एकटी शिकवत नाही. अकराव्यात एका कौमला दुसऱ्या कौमवर हसू नको सांगितलं, तेराव्यात कौम कशासाठी आहे ते सांगितलं. अकरावी वाचली नाही तर तेरावीतलं "ओळखावं" हे नुसतं हस्तांदोलन वाटतं, वाचली की कळतं की ओळखण्याच्या विरुद्ध काय आहे, तर टिंगल आणि वाईट टोपणनाव. आपल्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यात धंद्यावरून हाका मारतात ना कुत्सितपणे, तेच.

आणि चौदावीही वाचा. बदू म्हणजे वाळवंटातले भटके अरब म्हणतात आम्ही ईमान आणलं, त्यांना सांगितलं जातं, ईमान आणलं म्हणू नका, इस्लाम कबूल केला म्हणा, ईमान अजून तुमच्या काळजात उतरलेलं नाही. म्हणजे कबिल्याची पदवी काढून घेतल्यावर "आम्ही ईमानवाले" ही नवी पदवी कुणी लावून फिरेल, तर पुढच्याच आयतीत तो रस्ताही बंद.

आता ही आयत नेमकी कोणत्या प्रसंगी उतरली, हे तुम्हाला भाषणात सांगावंसं वाटेल, कारण गोष्ट सांगितली की लोक ऐकतात. इथे सांभाळा. वेगवेगळे प्रसंग सांगितले जातात. सगळ्यात प्रसिद्ध बिलाल यांचा. मक्का जिंकली तो दिवस, हिजरी ८, जानेवारी ६३०. एकेकाळी गुलाम असलेले हबशी बिलाल काबाच्या छतावर चढून अजान देतात. खाली मक्केतले बडे लोक. अत्ताब बिन असीद म्हणतो, बरं झालं माझा बाप हा दिवस बघायला राहिला नाही. हारिस बिन हिशाम म्हणतो, मुहम्मदला हा काळा कावळाच मिळाला का अजान द्यायला. त्यावर ही आयत आली, असं, कोणती आयत कधी उतरली हे सांगणाऱ्या वाहिदीच्या ग्रंथात, मुकातिल या जुन्या मुफस्सिरच्या नावावर आहे. मुकातिल त्या दिवसानंतर कितीतरी वर्षांनी झाला, मधे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी तिथे नाही.

दुसरा प्रसंग अबू हिंद यांचा, आणि मी वर्गात हाच घेते कारण यावर तपासायचं कसं हे शिकवता येतं. अबू हिंद शिंगी लावायचे, म्हणजे रक्त काढण्याचं काम, आणि ते बनू बयाजा या अन्सारी कबिल्याचे मौला होते, मौला म्हणजे जन्माने त्या कबिल्याचा नाही पण त्याच्या आश्रयाने जोडलेला. पैगंबरांनी बनू बयाजाला सांगितलं की अबू हिंदशी सोयरीक करा. हा भाग अबू दाऊदच्या सुनन मध्ये अबू हुरैरा यांच्या साखळीने आहे, चांगला धरला जातो. पण त्यात आयतीचा उल्लेखच नाही. "आमच्या मुली आमच्याच मौलांना द्यायच्या का?" असं त्यांनी विचारलं आणि मग आयत उतरली, हा भाग अबू दाऊदच्याच मरासील या दुसऱ्या संग्रहात आहे, जुहरीकडून. जुहरी पुढच्या पिढीचे, त्यांनी पैगंबरांना पाहिलेलं नाही, कुणाकडून ऐकलं ते सांगितलेलं नाही. म्हणजे घटना पक्की, घटना आणि आयत यांच्यातली गाठ सैल. वर्गात मी दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवते आणि मुलींना आयत कुठे आहे तिथे बोट ठेवायला सांगते, एकात बोट टेकतच नाही. तेव्हा कळतं.

अजून एक लक्षात घ्या, "याबद्दल आयत उतरली" असं जुने लोक दोन अर्थांनी म्हणत. कधी खरंच त्या क्षणी उतरली, आणि कधी फक्त "आयत या प्रकारच्या गोष्टीला लागू आहे". म्हणून वेगवेगळे प्रसंग सापडले की लगेच गोंधळून जाऊ नका. भाषणात "असं सांगितलं जातं" म्हणा आणि बिलालची गोष्ट सांगा, काही हरकत नाही. मक्का जिंकल्याच्या दिवशीच्या भाषणात पैगंबरांनी बापजाद्यांची घमेंड संपली, सगळे आदमची लेकरं आणि आदम मातीचा, असं म्हणून हीच आयत वाचली अशीही हदीस तिर्मिजीत आहे, पण तिर्मिजींनी स्वतःच तिथे एक रावी म्हणजे हदीस पुढे सांगणारा कमजोर असल्याचं नोंदवलंय. मला विचाराल तर आयतीचा अर्थ समजायला अकरावी ते चौदावी आयत हा संदर्भ सगळ्या गोष्टींपेक्षा भरवशाचा आहे, कारण तो मजकुरातच आहे.

आता तो राहिलेला अर्धा भाग. "अक्रमकुम", सगळ्यात मानाचा. करम हा शब्द त्या अरबांना फार जवळचा, त्यात घराणं आणि दिलदारी दोन्ही येतं, "करीम" म्हणजे खानदानी. आयत तोच शब्द उचलते आणि त्याला घराण्यापासून सोडवून तकव्याला बांधते. तकवा म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून स्वतःला जपणं, वाईटापासून अंग वाचवून चालणं. आणि मधे दोन शब्द आहेत जे घाईत सुटतात, "इन्दल्लाहि", अल्लाहपाशी. कोण किती मुत्तकी म्हणजे तकवा बाळगणारा याचा हिशोब त्याच्याकडे, आणि आयत संपते तीही "त्याला सगळी खबर आहे" वर. म्हणजे तकव्याचीही उतरंड आपण लावायची नाहीये.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही, कार्यक्रमात कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असावं. मुसलमानांमध्ये ही आयत असूनही वर-खाली आहे. फिकहच्या म्हणजे धर्मकायद्याच्या पुस्तकात लग्नाच्या बाबतीत कफाअत म्हणजे बरोबरी हा विषय आहे, हनफी आणि शाफई या फिकहच्या परंपरांनी त्यात वंशही धरला, इमाम मालिक यांनी मुख्य भर दीनवर म्हणजे धर्माचरणावर ठेवला. धरणाऱ्यांचं म्हणणं असं की हा मान-अपमानाचा प्रश्न नाही, संसार टिकावा म्हणून दोन घरं जुळतील का एवढंच बघायचं. पण व्यवहारात त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. आमच्याकडे एकदा बागवान घरातला मुलगा आणि अत्तार घरातली मुलगी, दोघं शिकलेली, दोघांना पसंत, आणि मुलीचे चुलते माझ्याकडे आले की आपा, तुम्ही मुलीला समजवा, बिरादरीत बसत नाही. मी त्यांना म्हटलं मुलाचं काय वाईट आहे ते सांगा. नमाजी आहे, कमावतो, व्यसन नाही, सगळं त्यांनीच सांगितलं. मग मी अबू हिंदची हदीस वाचून दाखवली आणि विचारलं की बनू बयाजाच्या जागी तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ते लग्न झालं, पण चुलते आले नाहीत. माझं मत विचाराल तर फिकहवाल्यांनी वंश मोजला तो त्यांच्या काळच्या समाजाला बघून, आणि त्याच्या आधारे आज कुणी आपल्या बिरादरीला उच्च समजत असेल तर तो लितआरफूच्या नेमका उलट चाललाय. याला न मानणारे आलिम म्हणजे धर्मपंडितही आहेत, त्यांचं म्हणणं मी वर दिलंच.

शेवटी तुमच्या पाच मिनिटांपुरतं. आयत अर्धी वाचू नका. सर्वधर्म स्टेजवर लोक "ओळखाल" पर्यंत वाचून थांबतात आणि जुम्याच्या बयानात "अक्रमकुम" पासून सुरू करतात, दोन्हीकडे कात्री एकाच जागी चालते आणि दोन्हीकडे अर्थ निम्मा होतो. दुसरं, "अरबाला गैरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही" हे वाक्य कुराणातली आयत म्हणून फॉरवर्ड होत असतं, ती हदीस आहे, मुसनद अहमदमधली, हजच्या दिवसांतल्या भाषणाची. सुंदर आहे, वापरा, पण हदीस म्हणूनच सांगा. आणि तिसरं, ही आयत कौमी आणि कबिल्यांबद्दल आहे, वेगवेगळ्या धर्मांबद्दल नाही. तुमचा कार्यक्रम सर्वधर्म आहे म्हणून हिच्यात धर्म कोंबू नका, ऐकणाऱ्यांत एखादा जाणकार असला तर तिथेच पकडेल. धर्मांबद्दल बोलायचं तर पाचव्या सूरेची ४८वी आयत घ्या, अल्लाहने ठरवलं असतं तर तुम्हा सगळ्यांना एकच उम्मत म्हणजे एकच समुदाय केलं असतं, तेव्हा चांगल्या कामात एकमेकांच्या पुढे जा. भाषा आणि रंग वेगळे का, तर ३०व्या सूरेची २२वी. मी तुमच्या जागी असते तर आधी ४९ची अकरावी वाचली असती, मग तेरावी पूर्ण, मग उर्फ आणि मार्फतचं सांगितलं असतं, त्यात पाच मिनिटं आरामात जातात. आणि उच्चार करणार असाल तर "लितआरफू" मध्ये "त" नंतरचा "आ" घशातून लांबवा, तिथे ऐन आहे.